वूश्या वाचायला बसताना: घराणं, नेइगोंग आणि सोन्याचं घंगाळ

वूश्या, म्हणजे चिनी लढवय्यांची, कादंबरी पहिल्यांदा हातात घेतली की गाडी बहुधा एकाच शब्दावर अडते, आणि गंमत म्हणजे तो शब्द चिनी नसतो. तो असतो 'सेक्ट'. इंग्रजी अनुवादात आणि मालिकांच्या सबटायटल्समध्ये दर दोन मिनिटांनी कुठला ना कुठला सेक्ट येतो, आपण मनातल्या मनात त्याचा 'पंथ' करतो, आणि मग ही माणसं नेमक्या कुठल्या देवासाठी एकमेकांच्या जिवावर उठली आहेत ते काही केल्या कळत नाही. देवाचा संबंध बहुतेक वेळा नसतोच. मूळ शब्द आहे मेनपाय. 'मेन' म्हणजे दार आणि 'पाय' म्हणजे फाटा. अमुक गुरूच्या दारातून आत गेलेली माणसं आणि त्यांचा पुढे फुटत गेलेला फाटा. आपल्याकडे याला तयार शब्द आहे: घराणं. किराणा घराणं, ग्वाल्हेर घराणं म्हणतो त्याच अर्थाने. फक्त इथे गायकीच्या जागी तलवारबाजी आहे, आणि दुसऱ्या घराण्याची चीज उचलली तर टीका होऊन भागत नाही, जीव जातो.

घराणं, नेइगोंग आणि च्यांगहू हे तीन शब्द नीट बसले की बाकीचे शब्द वाचता वाचता आपोआप जागेवर पडतात. पण त्यांच्या व्याख्या पाठ करून उपयोग होत नाही, कारण तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून इथे शब्दकोश न देता एकच कादंबरी घेतो आणि तिच्या सुरुवातीच्या भागातून तिन्ही शब्द उलगडतो. कादंबरी आहे चिन योंग यांची 'श्याओआओ च्यांगहू'. चिन योंग यांनी 1959 मध्ये हाँगकाँगला 'मिंग पाओ' हे दैनिक काढलं, आणि ही कथा 1967 ते 1969 या काळात त्याच दैनिकात रोज थोडी थोडी छापून आली. नंतर पुस्तकरूपात तिची 40 प्रकरणं झाली. मी जे सांगणार आहे ते बहुतेक पहिल्या सहासात प्रकरणांतलं आहे, एक-दोन गोष्टी थोड्या पुढच्या. कादंबरीतली खरी रहस्यं त्याच्याही पुढे आहेत, त्यांना हात लावत नाही.

नावांचं आधी उरकून घेऊ. पडद्यावर चिनी नावं रोमन लिपीत येतात आणि ती इंग्रजीसारखी वाचली की सगळं बिघडतं. x दिसला की 'श' म्हणा, q दिसला की 'छ', आणि zh दिसलं की 'च' आणि 'ज' यांच्या मधलं काहीतरी. एवढ्यावर काम भागतं.

पहिली पायरी: हातातलं पुस्तक वूश्याच आहे ना, ते बघा

'वू' म्हणजे शस्त्रबळ, आणि 'श्या' म्हणजे ते बळ स्वतःच्या न्यायबुद्धीने वापरणारा माणूस. राजाने नेमलेला नाही, पगारी नाही, पण अन्याय दिसला की मध्ये पडणारा. वूश्या ही अशा माणसांची कथा.

हल्ली बहुतेक वाचक वेब-कादंबऱ्यांवरून किंवा ॲनिमेशन मालिकांवरून इकडे येतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा वूश्या नसून श्यानश्या असतात. सेक्ट तिथेही असतात, गुरू आणि शिष्यही असतात, त्यामुळे घोटाळा होतो. ओळखायचं असं: पात्रं उडत्या तलवारीवर उभी राहून प्रवास करत असतील, शेकडो वर्षं जगत असतील, 'मी आता अमुक टप्प्यावर पोचलो' असं मोजत असतील, तर ती श्यानश्या. तिथलं ध्येय अमर होणं हे असतं. वूश्यातला माणूस म्हातारा होतो, आजारी पडतो, त्याला भूक लागते, खानावळीचं बिल चुकवावं लागतं, आणि शेवटी तो मरतो. छपरावरून छपरावर उड्या मारेल, पण ढगांत जाणार नाही. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढे 'इतका मोठा गुरू, मग साध्या विषाने कसा मरतो?' असे प्रश्न छळत राहतात.

दुसरी पायरी: च्यांगहू म्हणजे जागा नव्हे

शब्दशः अर्थ 'नद्या आणि सरोवरं'. शब्द फार जुना आहे. च्वांगत्स या प्राचीन ग्रंथात आटलेल्या झऱ्यातल्या माशांचा दाखला येतो: कोरड्यावर पडून एकमेकांना थुंकीने ओलं ठेवण्यापेक्षा नद्या-सरोवरांत एकमेकांना विसरून गेलेलं बरं. पुढे हा शब्द दरबारापासून लांबच्या मोकळ्या जगासाठी वापरला जाऊ लागला, आणि वूश्यात त्याचा अर्थ झाला भटक्या लढवय्यांचं जग. त्यात तलवारबाज आले, साधू आणि जोगिणी आल्या, चोर, वैद्य, भिकारी, खानावळवाले आले. यांतल्या फक्त लढवय्यांच्या वर्तुळाला 'वूलिन' म्हणतात. वूलिन हा च्यांगहूचा एक भाग, असं धरून चाला.

पण च्यांगहू नकाशावर कुठे आहे असं विचारलंत तर उत्तर नाही. ते त्याच शहरांत, त्याच रस्त्यांवर असतं जिथे बादशहाचे अधिकारीही असतात. एकाच गावात दोन कायदे चालतात, असं समजा. सरकारी कचेरीत जाणारा माणूस एका कायद्यात, आणि वैर, उपकार, शब्द आणि गुरुनिष्ठा यांवर चालणारा माणूस दुसऱ्या.

हे पहिल्या प्रकरणात फार छान दिसतं. फूचौ शहरात लिन कुटुंबाची 'प्याओच्यू' आहे. प्याओच्यू म्हणजे माल आणि माणसं सुरक्षित पोचवून देणारी पेढी: ग्राहकाचा माल घ्यायचा, सोबत हत्यारबंद माणसं द्यायची, वाटेत लुटारू पडले तर तोंड द्यायचं. मालक लिन चननान आपल्या मुलाला धंद्याची गोम सांगतो. त्याचा हिशेब असा: दहा भागांतले दोन भाग आपलं नाव, दोन भाग आपलं कौशल्य, आणि उरलेले सहा भाग काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही वाटांवरच्या मित्रांनी आपला मान ठेवण्यावर अवलंबून. पांढरी वाट म्हणजे प्रतिष्ठित घराणी, काळी वाट म्हणजे लुटारू. म्हणजे ही पेढी लढून जगत नाही, ओळखीवर जगते.

त्या सहा भागांसाठी लिनसाहेब छिंगछंग नावाच्या बड्या घराण्याला वर्षानुवर्षं नजराणे पाठवत आलेले आहेत, आणि ते घराणं काही दाद देत नाही. या वर्षी मात्र नजराणा स्वीकारला गेला आणि चार शिष्य भेटीला येत आहेत असा निरोपही आला. लिनसाहेब खूश. त्याच दिवशी त्यांचा मुलगा लिन फिंगच शिकारीहून परतताना एका दारूच्या गुत्त्यात थांबतो. तिथे एक परका तरुण गुत्त्यातल्या मुलीची छेड काढतो, मारामारी होते, आणि लिन फिंगचच्या हातून तो तरुण मरतो. तो निघतो छिंगछंगच्या प्रमुखाचा मुलगा.

पुढे काय होतं ते प्रकरणाच्या नावातच आहे: 'घराचा निःपात'. पेढीतली माणसं एकेक करून मरू लागतात. हे वाचताना मराठी वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की अरे, कोतवालाकडे का जात नाहीत? इथेच थांबा आणि वहीत लिहा: च्यांगहूतला माणूस च्यांगहूतलं वैर सरकारदरबारी नेत नाही. नेलं तर त्याची त्या जगातली पत संपली, आणि सहा भाग तर पतीवरच चालतात. शिवाय कचेरीतले शिपाई या लोकांपुढे टिकणार नाहीत हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. (छिंगछंगचा डाव नुसता सुडाचा नाही, त्यांना लिन कुटुंबाकडून आणखी काहीतरी हवं आहे. पण ते पुस्तकात वाचा.)

तिसरी पायरी: घराण्याचं झाड वहीत काढा

सरकारची मदत घ्यायची नाही, मग माणसाच्या पाठीशी कोण? घराणं. म्हणूनच दोन अनोळखी माणसं भेटली की हात जोडून, म्हणजे एका मुठीवर दुसरा तळवा ठेवून, नाव विचारतात आणि लगेच गुरू कोण ते विचारतात. 'आपण कुणाकडचे?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

घराण्यात नाती रक्ताची नसतात, पण शब्द सगळे नात्याचेच असतात. गुरूला 'शिफू' म्हणतात, आणि त्या शब्दात 'वडील' दडलेले आहेत. गुरुपत्नी 'शिन्यांग', म्हणजे गुरुमाता. आपल्या आधी आलेला गुरुबंधू 'शिश्योंग', नंतर आलेला 'शिदी'. आधी आलेली गुरुभगिनी 'शिच्ये', नंतर आलेली 'शिमेइ'. गुरूचे स्वतःचे गुरुबंधू म्हणजे आपले काका: गुरूच्या आधी आलेला 'शिबो' आणि नंतर आलेला 'शिशू'. मराठीत शिशू म्हणजे तान्हं बाळ, त्यामुळे पांढऱ्या दाढीच्या माणसाला कुणी शिशू म्हणालं की मला अजून हसू येतं. घराण्याचा प्रमुख तो 'चांगमन', दार हातात असलेला.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. थोरला-धाकटा हे वयावर ठरत नाही, दारात पाऊल कधी टाकलं यावर ठरतं. आपल्या कादंबरीतल्या ह्वाशान घराण्यात थोरला शिष्य आहे लिंगहू छोंग, पंचविशीतला, दारूवर जीव असलेला, मोकळ्या स्वभावाचा तरुण. दुसऱ्या क्रमांकाचा शिष्य लाओ दनुओ त्याच्यापेक्षा कितीतरी वयस्क आहे, तरी तो लिंगहू छोंगला 'थोरले दादा' म्हणतो. आणि प्रमुखाची मुलगी य्वे लिंगशान सगळ्यात धाकटी म्हणून सगळ्यांची 'छोटी शिमेइ'. तो लिन फिंगच पुढे या घराण्यात येतो तेव्हा तिला कोण आनंद होतो! तो तिच्याहून वयाने मोठा, पण आला नंतर, म्हणून आता हिला अखेर एक धाकटा भाऊ मिळाला आणि ती ताई झाली. प्रसंग लाडिक आहे, पण नियम त्यातून चोख कळतो.

सबटायटलमध्ये हे सगळं 'ब्रदर', 'सिस्टर', 'अंकल' असं सपाट होतं, आणि वाचकाला कोण कुणाचा सख्खा भाऊ तेच कळेनासं होतं. म्हणून वहीचं एक पान आडवं धरा. वर गुरूचं नाव, खाली शिष्य आलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. वय लिहू नका. प्रत्येक घराण्याला एक पान. चारपाच पानांत काम होतं, कारण कादंबरी भली मोठी असली तरी सतत वावरणारी घराणी मोजकीच असतात.

पान करताना एक खड्डा मुद्दाम सांगतो, कारण मी त्यात पडलो होतो. या कथेत पाच पर्वतांवरच्या पाच तलवार-घराण्यांचा एक संघ आहे. ह्वाशान, सोंगशान, थायशान ही तीन सरळ आहेत. उरलेली दोन्ही 'हंगशान'! चिनी लिपीत अक्षरं वेगळी, पर्वतही वेगळे, पण उच्चार अगदी एक. एक दक्षिणेला हूनान प्रांतात, दुसरा उत्तरेला शानशी प्रांतात. मी शंभरेक पानं दोन्ही एकच घराणं समजून वाचली, आणि बौद्ध भिक्षुणींच्या मठात हे मिशाळ बासरीवादक कुठून आले याचं नवल करत बसलो. उत्तरेचं हंगशान भिक्षुणींचं आहे, दक्षिणेच्या हंगशानचे पुरुष संगीतप्रेमी आहेत. भिक्षुणी बोलत असेल तर उत्तर, हातात वाद्य असेल तर दक्षिण, एवढं पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

चौथी पायरी: नेइगोंग हे साठवणीचं खातं आहे

'नेइ' म्हणजे आतलं, 'गोंग' म्हणजे कष्टाने कमावलेलं. जी शक्ती साठते ती 'नेइली', आणि ती ज्याची बनते तो 'ची'. खऱ्या उच्चाराच्या जवळ जायचं तर 'छी' लिहायला हवं, पण 'त्याच्या पोटात छी फिरू लागली' हे वाक्य मराठीत कुणी गंभीरपणे वाचणार नाही, म्हणून 'ची'च बरं.

मराठी वाचकाला इथे अर्धी वाट आधीच माहीत असते. ची म्हटलं की प्राण आठवतो, ती ज्या वाटांनी वाहते त्या 'चिंगमाय' म्हटलं की नाड्या आठवतात, आणि 'श्वे' म्हणजे मर्मस्थानं. बेंबीच्या खाली तीन-चार बोटांवर 'दानत्येन' असतं, ते या शक्तीचं कोठार. पद्मासनात बसायचं, श्वासावर लक्ष ठेवायचं, ची कोठारातून काढून ठरलेल्या वाटांनी फिरवून परत कोठारात आणायची. इथपर्यंत तुलना चालते. पण पुढे कुंडलिनी, समाधी, मोक्ष असं काही शोधू नका. वूश्यातलं नेइगोंग व्यवहारी आहे. ते बचत खात्यासारखं समजा: रोज थोडं भरायचं, वर्षांनी वाढतं, लढाईत खर्च होतं, संपलं की विश्रांती घ्यावी लागते.

खर्चाच्या बाबी बघा. तळहाताच्या फटक्यात जोर येतो. शरीर हलकं होऊन भिंतीवर चढता येतं, त्याला 'छिंगगोंग' म्हणतात. मर्मस्थानावर बोटाने टोचून समोरच्याला जागच्या जागी थिजवता येतं. जखमी माणसाच्या पाठीला तळहात लावून आपली शक्ती त्याच्या अंगात सोडता येते, विष बाहेर ढकलता येतं. आणि मोजमाप दोन प्रकारचं असतं. लढाईत 'त्याने सात हिस्से जोर लावला' असं दहापैकी मोजतात. आयुष्यभराची कमाई मात्र वर्षांत मोजतात, आणि 'एक च्यात्स जोर' म्हणजे साठ वर्षांची साधना. हा आकडा आपल्याला परका नाही. आपल्या पंचांगातही संवत्सरांचं चक्र साठांचंच आहे.

नेइगोंग आणि घराणं इथे एकमेकांत अडकतात. ह्वाशान घराण्यात पूर्वी दोन गट होते. एक म्हणे आधी ची कमवा, तलवार मागून येईल. दुसरा म्हणे आधी तलवार, ची तिच्या सोबतीला. ची-गटातून प्रमुख झालेला य्वे बूछुन आपल्या शिष्यांना हिशेब समजावून सांगतो. दोन्ही गटांचे शिष्य दहा वर्षं शिकले तर तलवार-गटाचा जिंकणार. वीस वर्षं शिकले तर तोडीस तोड. विसानंतर ची-गटाचा हळूहळू पुढे जातो, आणि तिसाव्या वर्षी तलवार-गटाचा त्याच्या जवळपासही येत नाही.

हा हिशेब वाचून क्षणभर पुस्तक बाजूला ठेवा. वूश्यात म्हातारे इतके भयंकर का असतात याचं उत्तर त्यात आहे: खातं जुनं आहे. तरुण नायकाला चमत्कारिक गुरू, गुप्त पोथी किंवा अपघात का लागतो याचंही उत्तर त्यातच आहे: तीस वर्षं थांबायला कथेला वेळ नाही. आणि दोन्ही गट एकाच गुरूचे असून एकमेकांना का मारतात, तेही. पहिली वीस वर्षं तर कोण बरोबर आहे हे सिद्धच होत नाही. भांडणाला तेवढा काळ पुरेसा आहे. ह्वाशानच्या एका शिखरावर हे भांडण तलवारींनी मिटलं, दोन्हीकडचे अनेक ज्येष्ठ मेले, आणि ची-गट उरला.

नेइगोंग बिघडलं की काय होतं, तेही बघून ठेवा. साधना करताना कुणी दचकवलं, घाई केली किंवा चुकीच्या वाटेने ची फिरवली, तर त्याला 'झौह्वो रूमो' म्हणतात. आग भरकटली आणि अंगात सैतान शिरला, असा त्याचा अर्थ. माणूस लुळा पडतो, वेडा होतो किंवा मरतो. दुसरा धोका परक्या शक्तीचा. लिंगहू छोंगला एका चकमकीत तळहाताचा जबर फटका बसतो. त्याला बरं करायला सहा विक्षिप्त भाऊ पुढे येतात, आणि नेमकी कुठली नाडी दुखावली यावर त्यांचं एकमत होत नाही. मग प्रत्येक जण आपल्याला वाटेल त्या वाटेने आपली शक्ती त्याच्या अंगात ओततो. सहा परके प्रवाह आत एकमेकांशी झुंजू लागतात. ते दाबायला नंतर एक दांडगा भिक्षू आणखी दोन प्रवाह घालतो. आता आठ! स्वतःची कमाई गेली आणि खात्यात आठ लोकांचे पैसे अडकले, ज्यांतला एकही काढता येत नाही.

प्रसंगात हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या असतात. चेहरा लाल-पांढरा होणं, डोक्यावरून वाफ निघणं, तोंडातून रक्त येणं, बोलता बोलता गपकन खाली बसणं. लेखक 'नेइली बिघडली' असं दर वेळी सांगत नाही, या खुणांवरून ओळखायचं.

मग शक्ती गेलेला नायक जगतो कसा? त्याच्याकडे एक तलवारविद्या असते जिला आतल्या शक्तीची गरजच नाही: समोरच्याच्या प्रत्येक डावात कुठे फट आहे ते बघायचं आणि तो डाव पुरा होण्याआधी तिथे टोक न्यायचं. एका पावसाळी रात्री पंधरा बुरखेधारी त्याच्या घराण्याला घेरतात, तेव्हा धड उभंही राहता येत नसलेला हा माणूस एका हालचालीत पंधराही जणांचे डोळे फोडतो. पण मग वर सांगितलेला तीस वर्षांचा हिशेब खोटा का? हा प्रश्न तुम्हाला पडला, तर नेइगोंग तुम्हाला कळलं. नायकालाही तो पडतो, आणि त्याच्या गुरूलाही. गुरूला तो अजिबात आवडत नाही, कारण ही विद्या हरलेल्या गटाच्या बाजूने बोलते.

पाचवी पायरी: घंगाळाचा प्रसंग सावकाश वाचा

आता सहावं प्रकरण उघडा. दक्षिणेच्या हंगशान घराण्यातला ल्यू चंगफंग हा मातब्बर माणूस हंगयांग शहरातल्या आपल्या वाड्यात समारंभ ठेवतो. सगळ्या घराण्यांना आमंत्रण आहे. तो सोन्याच्या घंगाळात हात धुणार आहे. हा वूश्यातला ठरलेला विधी. हात धुतले की च्यांगहूशी संबंध संपला. पुढे कुणाशी वैर नाही, कुणाच्या भांडणात पडणं नाही.

पाहुणे जमलेले असतानाच वाड्यात एक सरकारी अधिकारी येतो आणि बादशाही फर्मान वाचतो. ल्यूने पैसे चारून लष्करातलं एक हुद्द्याचं पद मिळवलेलं असतं. तो सगळ्यांसमोर गुडघे टेकून फर्मान घेतो. पाहुणे गप्प होतात. का, ते आता तुम्हाला सांगता येईल: दुसऱ्या पायरीवरचे दोन कायदे. च्यांगहूतला मोठा माणूस दरबारापुढे वाकतो हे त्यांना ओशाळं करणारं आहे. ल्यूला ते ठाऊक आहे, आणि त्याने ते मुद्दामच केलंय. आपण आता क्षुद्र झालो, आपल्याला सोडून द्या, असं त्याला दाखवायचं आहे.

तो हात पाण्यात घालणार, तोच दारातून आवाज येतो: थांबा! सोंगशान घराण्याचा शिष्य पाच घराण्यांच्या संघाचा झेंडा घेऊन उभा आहे. संघप्रमुख सोंगशानचाच. ल्यू म्हणतो, हात धुणं हा माझा खासगी मामला आहे, यात वूलिनचा कुठलाही नियम मोडत नाही, मग संघाचा हुकूम मला लागू कसा? मुद्दा कायदेशीर आहे, पण तो विचारतोय कुणाला? न्यायाधीश कुठेच नाही.

आरोप असा की ल्यूची छ्यू यांग नावाच्या माणसाशी मैत्री आहे, आणि छ्यू यांग हा 'मोच्याव'चा वडीलधारा आहे. मोच्याव म्हणजे सैतानी पंथ. हे नाव शत्रूंनी ठेवलेलं. ते स्वतःला सूर्य-चंद्र पंथ म्हणवतात, आणि इथे मात्र 'पंथ' हाच शब्द बरोबर आहे. प्रतिष्ठित घराणी एका बाजूला, हा पंथ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पिढ्यांचं रक्त. ल्यू मैत्री नाकारत नाही. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, संगीत: एक बासरी वाजवतो, दुसरा तंतुवाद्य. त्याच्यापुढे पर्याय ठेवला जातो, महिन्याभरात मित्राला मारून ये. तो नाही म्हणतो. मग सोंगशानवाले बाकीच्या पाहुण्यांना सांगतात, ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांनी बाजूला व्हावं. आणि एकेक प्रमुख बाजूला होतो. य्वे बूछुनही होतो. यानंतर ल्यूच्या बायकामुलांचं जे होतं ते वाचवत नाही.

हा प्रसंग पुन्हा एकदा वाचा, या वेळी वही उघडी ठेवून. जो बाजूला होतो त्याच्या नावापुढे खूण करा. भिक्षुणी कुठे उभ्या राहिल्या, थायशानचा प्रमुख किती वेळाने हलला, कोण आधी समजावायला गेला आणि मग हलला, ते टिपा. इथे नेइगोंग फारसं चालत नाही, तलवारीही उशिराच निघतात. खरा वार त्या बाजूला होण्याने झालेला आहे.

यापुढे प्रत्येक नव्या पात्रासाठी चार रकाने ठेवा: नाव, कुणाच्या दारातला, खात्यात किती, आणि बाजूला झाला की नाही. पेन वापरू नका. लिंगहू छोंगचा दुसरा आणि तिसरा रकाना तर इतक्या वेळा खोडावा लागतो की माझ्या वहीत तिथे कागद फाटलाय.